साखर फोटोत ओळखायची तर

व्हॉट्सॲपच्या घरगुती ग्रुपवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. तीन वाट्या, त्यांत तीन ढीग. एक पांढराशुभ्र, एक मळकट पिवळसर आणि एक तांबूस. खाली प्रश्न असतो: यातली ब्राऊन शुगर कोणती, खांडसरी कोणती, आणि तब्येतीला चांगली कोणती? उत्तरे धडाधड येतात, कारण रंग सगळ्यांनाच दिसतो. पण फोटोत सगळ्यांत कमी भरवसा ठेवावा अशी गोष्ट म्हणजे रंगच. भरवशाचा असतो तो दाणा.

रंग का फसवतो, ते आधी पाहू. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या उजेडाचा अंदाज घेऊन चित्रातले रंग आपणहून दुरुस्त करतो. पिवळ्या बल्बखाली ठेवलेली पांढरी साखर पिवळी दिसू नये म्हणून तो फोटोत निळसर झाक आणतो, आणि त्या दुरुस्तीत शेजारची फिकट खांडसरी पांढरी होऊन बसते. उलट, वाटी तांब्याची किंवा ओटा निळसर असेल तर कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि साधी साखरही तांबूस दिसू लागते. याशिवाय एक कारण खुद्द साखरेतच आहे. दाणा जितका बारीक, तितका ढीग फिका दिसतो. तांबूस साखर मिक्सरमधून फिरवून बघा, पीठ झाले की ती दोन छटांनी उजळते. तिच्यातून काही निघून गेलेले नसते. प्रकाश मोठ्या दाण्याच्या आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो, बारीक दाण्यांवरून मात्र तो वरच्यावर विखुरतो, एवढाच फरक. ओलावा नेमके उलटे करतो. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा काळपट दिसते, तशीच दमट साखरही गडद दिसते. थोडक्यात, एकाच पुडीतली साखर तीन फोटोंत तीन रंगांची दिसू शकते.

दाण्याला असे करता येत नाही. तो ज्या भांड्यात तयार झाला त्या भांड्याची खूण त्याच्यावर असते. ती वाचायची तर भांडे माहीत हवे, म्हणून जरा कारखान्यात जाऊन येऊ.

साखर कारखान्यात उसाचा रस आधी गरम करतात. त्यात चुन्याची निवळी आणि गंधक जाळून मिळणारा वायू सोडतात. गाळ खाली बसतो, वरचा निवळ रस बंद भांड्यांतून आटवत आटवत दाट पाक करतात. या पाकाला पुन्हा एकदा गंधकाचा वायू देतात आणि मग तो व्हॅक्यूम पॅनमध्ये जातो. सगळी गंमत या पॅनमध्ये आहे. आतली हवा खेचून घेतलेली असल्यामुळे पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. तो करपत नाही आणि त्यातली साखर फुटतही नाही. पाक नेमका दाट झाला की त्यात अतिशय बारीक दळलेल्या साखरेचे बी सोडतात. त्यानंतर नवे दाणे पडू द्यायचे नाहीत, आहेत तेच वाढवायचे. पॅनवरचा माणूस दर थोड्या वेळाने एका दांडीने आतला नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडासमोर धरून बघतो: दाणे एकसारखे आहेत का, मध्येच बारीक कणी पडली आहे का. कणी पडली असेल तर थोडे पाणी किंवा पातळ पाक देऊन ती विरघळवतो. म्हणून कारखान्याच्या साखरेचे दाणे एका मापाचे असतात, त्यांना सपाट बाजू असतात, धारदार कडा असतात. पुढे हा दाणेदार राब जाळीच्या पिंपात जोरात फिरवतात, मळी बाहेर फेकली जाते, गरम पाण्याचा फवारा मारून दाणे धुतात, वाळवतात आणि चाळण्यांवरून मापाप्रमाणे वेगळे करतात. वाण्याकडच्या पोत्यावर एस-३० किंवा एम-३० लिहिलेले असते, त्यातले पहिले अक्षर दाण्याच्या मापाचे आणि आकडा रंगाच्या प्रतीचा. एस म्हणजे साधारण एक मिलिमीटरच्या आतला दाणा, एम म्हणजे सव्वा ते दीड मिलिमीटरच्या आसपासचा.

इथेच एक खुलासा करायला हवा. आपण दुकानातून आणतो ती पांढरी साखर बहुतेक वेळा 'रिफाइंड' नसतेच. ती वर सांगितल्याप्रमाणे दोनदा गंधक देऊन थेट रसापासून केलेली कारखान्याची साखर असते. रिफाइंड साखर करायची तर साखर पुन्हा विरघळवायची, पाक गाळायचा, उरलासुरला रंग काढून घ्यायचा आणि परत दाणा पाडायचा. औषधे, शीतपेये आणि महागड्या पुड्यांसाठी ती लागते. रंग मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पट्टीवर रिफाइंड साखर ४५ च्या आत बसते, तर आपली नेहमीची शंभर ते दीडशेच्या घरात. फोटोत हा फरक कळायचा असेल तर एकच उपाय: दोन्ही कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवा. रिफाइंडचा दाणा काचेसारखा रंगहीन दिसेल, नेहमीच्या साखरेत अगदी हलकी सायीची झाक दिसेल. नुसता एकच ढीग असेल तर तज्ज्ञालाही सांगता येणार नाही.

खांडसरीचे भांडे उघडे असते. उत्तर प्रदेशात, विशेषतः रोहिलखंड आणि मेरठ-मुझफ्फरनगरच्या पट्ट्यात, हा धंदा जुना आहे. भट्टीच्या लांब नाळीवर ओळीने कढया बसवलेल्या असतात, रस एकीतून दुसरीत पुढे सरकत आटत जातो. मळ काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा किंवा रानटी झाडांच्या सालीचा चिकट रस वापरण्याची तिथली जुनी पद्धत आहे, आपल्या गुऱ्हाळातही काहिलीत भेंडीचा रस टाकतात तशीच. उघड्या कढईत पाक शंभर अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेने काही साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, काही करपून रंग धरते. मग हा राब थंड करायला ठेवून देतात आणि दाणे आपल्या आपण पडतात. काच धरून बघणारा, कणी विरघळवणारा इथे कोणी नसतो. काही दाणे आधी पडतात, काही उशिरा, काही एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. त्यानंतर पिंपात फिरवून मळी काढतात, पण धुणे बेताचेच, कारण इतका बारीक दाणा जास्त धुतला तर पाण्याबरोबर साखरच वाहून जाईल. म्हणून दाण्याभोवती मळीचा पातळ थर राहतो. कोल्हापूरचा गुऱ्हाळवाला याच वाटेने निघतो, पण फिरवून मळी वेगळी करायच्या भानगडीत तो पडत नाही. पाक आणखी आटवून सगळ्यासकट साच्यात ओततो, त्याचा गूळ होतो. खांडसरी गूळ आणि साखर यांच्यामध्ये कुठेतरी उभी आहे, आणि ती साखरेच्या बाजूला जास्त झुकलेली आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत तिचे दोन प्रकार दिलेले आहेत. 'देशी' खांडसरीत साखर किमान ९३ टक्के हवी, 'सल्फर' खांडसरीत किमान ९६.५ टक्के. दुसऱ्या प्रकाराचे नावच सांगते की खांडसरी म्हणजे गंधकाविना, हे गृहीत धरता येत नाही.

तेव्हा फोटोत खांडसरी अशी दिसते: बारीक, कमीजास्त मापाचे दाणे, मध्ये भुगा, अधूनमधून चिमटीत फुटणाऱ्या गुठळ्या, आणि ढिगावर चमक जवळजवळ नाही. रंग मळक्या पांढऱ्यापासून फिकट बदामीपर्यंत काहीही असू शकतो. चमक नसण्याचे कारणही दाण्यातच आहे. कारखान्याच्या दाण्याची सपाट बाजू आरशासारखा उजेड परतवते, म्हणून ढिगात ठिकठिकाणी लखलखते ठिपके दिसतात. खांडसरीचे पैलू छोटे आणि वेडेवाकडे असल्याने उजेड सगळीकडे विखुरतो.

ब्राऊन शुगरचे मात्र एक नाव आणि दोन-तीन जाती आहेत. बेकरीवाले जी मऊ, दमट, मुठीत दाबली तर आकार धरणारी ब्राऊन शुगर वापरतात, ती बहुधा तयार पांढऱ्या साखरेला मळी चोळून बनवलेली असते. फिकट प्रकारात मळी साधारण साडेतीन टक्के असते, गडद प्रकारात साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आधी धुऊन काढलेली मळी मोजून परत लावायची. ऐकायला हा उपद्व्याप वाटतो, पण त्यामुळे प्रत्येक पुडीचा रंग, चव आणि ओलावा सारखा राखता येतो, आणि बेकरीला तेच हवे असते. दुसरी जात डेमेरारा म्हणतात ती: मोठे, कोरडे, मधासारख्या रंगाचे टणक दाणे. ही पॅनमध्येच होते, फक्त शेवटचे धुणे कमी केलेले असते. आपल्याकडे 'ब्राऊन शुगर' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ही दाणेदार जात बरीच दिसते. तिसरी मस्कोव्हाडो, काळपट, चिकट, मळीने भरलेली. ती आपल्या किराणा दुकानात क्वचितच भेटते. शेजारच्या फळीवरची गूळ पावडरही यांच्यात मिसळून गोंधळ घालते. तिच्यात स्वच्छ पैलूंचा दाणा नसतो, गुळाचे ओबडधोबड कण असतात, हाताला आणि पिशवीला चिकटतात.

आता प्रत्यक्ष एक उदाहरण घेऊ. मध्यंतरी माझ्या मावसबहिणीने एक फोटो पाठवला आणि लिहिले, "ताई, ही ब्राऊन शुगर खरी आहे का गं? बाबांच्या डायबेटीससाठी मुद्दाम आणलीय." फोटो रात्रीचा, ट्यूबच्या उजेडात, स्टीलच्या वाटीत, वरून काढलेला. त्यात एक तपकिरी गोळा दिसत होता, बाकी काही नाही. तिला म्हटले, उद्या सकाळी खिडकीपाशी परत काढ. ऊन थेट पडायला नको, उजेड बाजूने यायला हवा. कोरा पांढरा कागद घे, त्यावर साखरेचा ढीग करू नकोस, चिमूटभर पसर, दाणा दाण्याला लागणार नाही इतकी विरळ. शेजारी रुपयाचे नाणे आणि चिमूटभर आपली रोजची साखर ठेव. मोबाइल जवळ आण, पण सावली पडू देऊ नकोस. फिल्टर लावू नकोस.

या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. पांढरा कागद चित्रात असला की कॅमेऱ्याने रंगाची काय गडबड केली ते लगेच कळते. कागदच पिवळा दिसत असेल तर साखरेच्या रंगाबद्दल बोलायचेच नाही. बाजूच्या उजेडात दाण्याच्या कडा आणि सावल्या उठून दिसतात, वरच्या उजेडात सगळे सपाट होते. रुपयाचे नाणे २० ते २२ मिलिमीटर रुंद असते, ते माप म्हणून चालते. आणि ओळखीची साखर शेजारी असली की तुलना फोटोतल्या फोटोत होते, आठवणीवर विसंबावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत काय दिसले? दाणे मधाच्या रंगाचे, सुटे, एकमेकांना न चिकटलेले. नाण्याच्या रुंदीएवढ्या ओळीत चौदा-पंधरा दाणे बसत होते, म्हणजे एकेक दाणा दीड मिलिमीटरच्या आसपास. जवळपास सगळे एका मापाचे, सपाट बाजूंचे, काही चक्क चमकत होते. खालच्या कागदावर भुगा नव्हता. ही खांडसरी नव्हे, हे इथेच नक्की झाले. उघड्या कढईतून इतका शिस्तीत वाढलेला दाणा येत नाही. मऊ, मळी चोळलेली बेकरीची जातही नव्हे, कारण ती गुठळ्या करते. तेव्हा हा व्हॅक्यूम पॅनचा दाणा आहे, डेमेराराच्या वळणाचा. पण तो कमी धुतल्यामुळे तपकिरी राहिला आहे की पांढऱ्या दाण्यालाच वरून रंग दिला आहे, ते फोटो सांगू शकत नाही. दोन्हींत दाणा तोच असतो.

त्यावर तिने एक व्हिडिओ पाठवला. त्यात कोणीतरी ब्राऊन शुगर पाण्यात टाकते, पाणी तपकिरी होते, खाली पांढरे दाणे उरतात आणि "बघा, रंग मारलेली साखर!" असा आरडाओरडा. ही चाचणी खोटी आहे असे नाही, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. साखरेचा स्फटिक वाढतो तेव्हा तो मळीतली द्रव्ये शक्यतो बाहेर ठेवतो. त्यामुळे अस्सल, कमी धुतलेल्या साखरेतही बराचसा रंग दाण्यावरच्या थरातच असतो, आत थोडाच अडकलेला असतो. थर विरघळला की खालचा दाणा फिका निघणारच. रिफायनरीत कच्च्या साखरेवरची पहिली प्रक्रियासुद्धा हीच असते: दाट पाकात घोळवून वरचा थर सुटा करायचा. तेव्हा पाणी तपकिरी झाले म्हणून भेसळ ठरत नाही, आणि झाले नाही म्हणून शुद्धताही ठरत नाही.

तिथून पुढचे उत्तर पुडीच्या मागच्या बाजूला असते. घटकांच्या यादीत नुसते 'ऊस साखर' लिहिले आहे, की 'साखर, मळी' किंवा 'मोलॅसिस', की 'कॅरमेल रंग'? कॅरमेलचा सांकेतिक क्रमांक आयएनएस १५०, त्यापुढे प्रकाराचे एखादे अक्षर. हा आकडा दिसला तर रंग वरून दिलेला आहे. गंधकाच्या वायूचा क्रमांक २२०. सुट्या साखरेला ही सोय नाही, म्हणून सुटी 'ब्राऊन शुगर' जादा भाव देऊन घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बहिणीच्या पुडीवर साखर आणि मळी असे लिहिले होते. पांढऱ्या दाण्याला मळी चोळून वाळवलेली. बनावट नव्हे, पण तिने जे समजून आणली होती तेही नव्हे.

आणि आता बाबांचा डायबेटीस. इथे सरळ बोलावे लागते. पांढरी, तांबूस, खांडसरी, तिन्ही मुळात सुक्रोज आहेत. आतड्यात सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, ते रक्तात जाते. खांडसरीत काही साखर आधीच फुटलेली असते, म्हणजे शरीराचे ते काम कढईनेच करून ठेवलेले. रक्तातली साखर चढायची तेवढी चढतेच. शंभर ग्रॅम पांढऱ्या साखरेतून सुमारे ३८७ कॅलरी मिळतात, शंभर ग्रॅम ब्राऊन शुगरमधून ३८०. सात कॅलरींची ही बचत प्रामुख्याने ब्राऊन शुगरमध्ये थोडे पाणी जास्त असल्यामुळे होते.

मग "त्यात खनिजे असतात" हे खरे की खोटे? खरे आहे, आणि ते मोजून बघण्यासारखे आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नतक्त्यात शंभर ग्रॅम ब्राऊन शुगरमध्ये सुमारे ०.७ मिलिग्रॅम लोह आणि ८३ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे. पांढऱ्या साखरेत दोन्ही जवळजवळ शून्य. नुसत्या तुलनेत हा फरक प्रचंड वाटतो आणि जाहिराती तोच दाखवतात. पण आपण शंभर ग्रॅम नव्हे, चमचा खातो. चार ग्रॅमच्या चमच्यात लोह येते ०.०३ मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. ते सगळे ब्राऊन शुगरमधून मिळवायचे म्हटले तर रोज चार किलोच्या वर साखर खावी लागेल. देशी खांडसरीत मळी आणखी थोडी जास्त धरा. तरी नियमाप्रमाणे तिच्यातही ९३ टक्के साखर असतेच, आणि उरलेल्या सातांत ओलावा आणि फुटलेली साखर मोठा वाटा घेतात. खनिजांसाठी जागा उरते ती किरकोळ. मूठभर शेंगदाणे किंवा नाचणीची एक भाकरी या बाबतीत कितीतरी पुढे आहे.

उलट बाजूची भीतीही तपासून घेऊ. "पांढऱ्या साखरेत गंधक असते, ते विष आहे." कारखान्याच्या पांढऱ्या साखरेत सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंत असायला आपल्या नियमांत मुभा आहे. अगदी कमाल मर्यादेची साखर मिळाली असे धरले, तरी दिवसाला २५ ग्रॅम साखरेतून पोटात जाईल पावणेदोन मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या दर किलोला रोज ०.७ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण चालणारे मानले होते. पन्नास किलोच्या माणसाला ते ३५ मिलिग्रॅम होते. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी काळजी घ्यावीच, पण त्यांनी सल्फर खांडसरीलाही तोच नियम लावावा, आणि गंधकाची धुरी दिलेल्या सोनेरी जर्दाळूंकडे आधी बघावे. हाडांच्या कोळशाने साखर पांढरी करतात ही गोष्टही आपल्याकडे फिरते. परदेशातल्या काही रिफायनऱ्यांत ती पद्धत आहे. चुना आणि गंधकावर चालणाऱ्या आपल्या कारखान्यांच्या प्रक्रियेत तिला जागाच नाही.

तिन्हींत निवड करायचीच असेल तर ती चवीवर आणि कामावर करावी. मळीमुळे ब्राऊन शुगरला कॅरमेलची चव आणि ओलावा असतो, केक आणि कुकीज त्यामुळे मऊ राहतात. खांडसरीचा दाणा बारीक असल्याने बेसनाच्या लाडवात तो चटकन मिसळतो आणि दाताखाली येत नाही. चहात तिची हलकी गुळचट चव कोणाला आवडते, कोणाला नाही. फक्त एक सांभाळावे लागते. ती तब्येतीला बरी, या समजुतीने चमचा आपोआप शिगोशीग होतो. दमट ब्राऊन शुगर तर चिकटून उंच ढीग धरते, चमच्यात कोरड्या साखरेपेक्षा जास्तच येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, त्यात गूळ, मध, खांडसरी सगळे आले, दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. बहिणीला म्हटले, घरात महिन्याला साखर किती लागते? "पाच किलो." माणसे चार. म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम, आणि ही फक्त डब्यातली. बिस्किटे, श्रीखंड, सरबत, लग्नातली जिलेबी यात धरलेली नाही. याच्या जागी पाच किलो खांडसरी आणली तर माणशी ४२ ग्रॅम खांडसरी होईल. तीन किलोवर आली, मग ती कुठलीही असो, तर माणशी २५ ग्रॅम. बाबांचा हिस्सा यातून वेगळा काढायला हवा, आणि तो किती असावा हे त्यांचे औषध आणि रिपोर्ट बघणारे डॉक्टरच सांगतील. तिने आणलेली पुडी मात्र वाया गेली नाही. नाताळात तिच्या मुलीने केक केला, आणि तो बाजूने न फाटता छान तपकिरी झाला होता.